रात्री सव्वा वाजता आलेलं ‘हाय’

*ताई, माझा भाचा पुण्यात एमपीएससीची तयारी करतो. वय २६. सदाशिव पेठेत चौघांत एक खोली, दिवसभर अभ्यासिका. मागच्या महिन्यात एका रात्री सव्वा वाजता त्याचा मेसेज आला, ‘मावशी, हाय’. मी पहाटे साडेपाचला पाहिला आणि घाबरले. काय झालं, बरा आहेस ना, जेवतोस ना नीट, असे पाच-सहा मेसेज टाकले, दोन कॉल केले. उचलला नाही म्हणून त्याच्या आईला फोन केला. तिने तिकडे आकांत मांडला. मग त्याचं उत्तर आलं, ‘अगं असंच. झोप येत नव्हती.’ आणि ते ‘हाय’ त्याने डिलीट करून टाकलं. परवा पुन्हा एकच्या सुमारास ‘हाय’. मी जागीच होते, ‘बोल’ म्हणून लिहिलं. बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं आणि शेवटी आलं, ‘काही नाही. झोप तू.’ मला त्याला छळायचंही नाही आणि एकटं सोडायचंही नाही. पुढच्या वेळी काय लिहू?*

*— बँकेत काउंटरवर बसणारी एक मावशी, सांगली*

ताई,

पुढच्या वेळी एवढंच लिहा: ‘जागी आहे रे. पाणी प्यायला उठले होते. बोलावंसं वाटलं तर आहे मी, नाही वाटलं तरी चालेल.’ पाणी प्यायला उठला नसाल तर जे खरं असेल ते लिहा. हे सगळं एकाच मेसेजात पाठवा आणि मग फोन हातातून खाली ठेवा.

यात प्रश्न एकही नाही, आणि ते मुद्दाम आहे. रात्री एक वाजता नुसतं ‘हाय’ टाकणारा मुलगा फार थोडं पणाला लावतो. उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर ‘असंच’ म्हणून माघारी फिरता येतं. डिलीटही करता येतं. त्या वेळी त्याला बहुधा एवढंच बघायचं असतं, की पलीकडे कोणी आहे का, आणि असलंच तर आपण केलेली ही आगळीक त्या माणसाला जड तर झाली नाही ना. सांगायचं काय ते त्याचं त्यालाही अजून ठरलेलं नसतं.

अशा वेळी ‘काय झालं?’ विचारलं की तो अडकतो. कारण बऱ्याचदा काहीच झालेलं नसतं. कोणी वारलेलं नसतं, पैसे चोरीला गेलेले नसतात, ताप आलेला नसतो. नेहमीचाच दिवस नेहमीसारखा गेलेला असतो आणि दिवे मालवल्यावर छातीवर काहीतरी बसलेलं असतं. मावशीने ‘काय झालं’ विचारल्यावर त्याला वाटतं, आता एवढ्या रात्री उठवलंय तर कारणही तेवढंच मोठं दाखवायला हवं. ते सापडत नाही म्हणून तो म्हणतो, काही नाही.

‘जेवलास का’ हा आपल्या सगळ्यांचा हातखंडा प्रश्न. त्याला ‘हो’ म्हटलं की विषय मिटतो. ‘एवढ्या रात्रीपर्यंत जागा का?’ यात तुम्हाला काळजी दिसते, त्याला रेक्टर दिसतो. ‘टेन्शन घेऊ नकोस, सगळं छान होईल’ आणि त्याखाली हात जोडलेला गणपती, यानंतर माणूस ‘हो मावशी, गुड नाइट’ याशिवाय दुसरं काय लिहिणार?

तुमचं ‘बोल’ यांतलं काहीच नव्हतं, आणि तरी ते लागू पडलं नाही. नुसतं ‘बोल’ म्हटल्यावर सगळं ओझं त्याच्याकडे गेलं. तुम्ही कुठे आहात, वैतागलात का, तुमच्यापाशी वेळ किती, यातलं त्याला काही कळलं नाही. मग तो टाइप करत राहिला, खोडत राहिला. म्हणून मी तुमच्या बाजूचा एक बारीक तपशील घालायला सांगते. पाणी प्यायला उठले, कुकर घासायचा राहिला होता, मांजर ओरडत होतं, काहीही चालेल. त्यातून त्याला कळतं की माणूस दचकून उठलेलं नाही, आपल्यामुळे कोणाची झोप मोडलेली नाही. त्याला धरून बोलायला काहीतरी हलकं हाताशीही येतं. दुखण्यावर यायच्या आधी माणसं मांजरावर बोलतात. बोलू द्यावं.

कॉल मात्र करू नका. सदाशिव, नारायण पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्या तुम्हाला ठाऊकच असतील. हात लांब केला तर शेजारच्या कॉटला लागतो. रात्री एक वाजता फोन वाजला की तिघं कूस बदलतात आणि त्याला बोलायला जिन्यात नाहीतर गच्चीवर जावं लागतं. एक तर तो उचलणारच नाही. उचलला तर खालच्या आवाजात ‘हो, हो, बरा आहे’ म्हणेल, कारण ऐकायला माणसं आहेत. आणि मन इतकं खाली गेलेलं असताना मध्यरात्री त्याने एकट्याने गच्चीवर जावं, हे तुम्हाला आणि मला दोघींनाही नको आहे. त्याने लिहिणं निवडलंय ते बहुतेक अंधारात, पांघरुणाखाली, कोणाला न कळता लिहिता येतं म्हणूनच. तुम्हीही लिहाच.

आता ते ‘काही नाही’. ते पुन्हा येणार, हे धरूनच चाला. एक बोलणं कसं पुढे जाऊ शकतं ते लिहून दाखवते. हे मी रचलंय, पण रात्रपाळीच्या हेल्पलाइनवर बसलेल्या कोणालाही याची चाल ओळखीची वाटेल.

तो लिहितो, ‘मावशी, हाय’. तुम्ही वरचं उत्तर देता. तो म्हणतो, ‘काही नाही गं, असंच.’

तुम्ही: ‘असंचही चालतं. आमच्याकडे आज संध्याकाळपासून लाइट नव्हती, इन्व्हर्टरही बसला. आत्ता कुठे पंखा लागलाय.’

इथे पाच-सात मिनिटं काहीच येत नाही. या मिनिटांत सगळ्यात जास्त बिघडतं. आपण ‘झोपलास का?’ पाठवतो, मग प्रश्नचिन्ह पाठवतो, मग ‘मला काळजी वाटते रे’. काही पाठवू नका. दिवसा आपण कोणाशेजारी बसतो तेव्हा दर मिनिटाला बोलतो का?

मग तो: ‘माझ्या शेजारच्या टेबलवर बसायचा त्याचं सिलेक्शन झालं.’

आपल्या जिभेवर लगेच येतं, ‘तुझंही होईल, वर्षभराचा तर प्रश्न आहे.’ हे गिळा. हे त्याने आज अभ्यासिकेत, मेसमध्ये आणि घरून, तिन्हीकडून ऐकलेलं असणार. त्याऐवजी त्याने जे सांगितलं त्याच्या अगदी जवळचं काहीतरी लिहा.

तुम्ही: ‘मग आज पेढे वाटले असतील.’

तो: ‘हो. दोन खाल्ले. हार घातला त्याला, फोटो काढले. सगळे विचारत होते तुझं काय. मग दिवसभर पुस्तकच उघडलं नाही.’

तुम्ही: ‘तिथे हसून उभं राहायला लागलं असेल. जड गेला असेल दिवस.’

यानंतर बहुतेक तो लांबलचक लिहील. दोन मार्कांनी हुकलेली मेन्स, बाबांनी काढलेलं कर्ज, गावाकडे लग्नाला न जाण्याचं खरं कारण. कदाचित काहीच लिहिणार नाही आणि ‘हं’ म्हणून थांबेल. दोन्ही चालतं. लांब लिहिलं तर प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायला जाऊ नका. ज्या वाक्यात त्याचा जीव गुंतलेला दिसेल ते एक उचला. आणि उपाय सांगू नका. बँकेच्या परीक्षा दे, गावी ये, शेजारच्या पोरासारखं टाइमटेबल कर, यातलं काहीही रात्री दीड वाजता नको. सल्ले खोटे असतात म्हणून नव्हे. (मी तरी सल्ले देऊनच पोट भरते.) रात्री त्या वेळी थकलेलं डोकं कुठलाही सल्ला ‘म्हणजे माझं चुकलंच’ असा ऐकतं.

मग तुमची उठायची वेळ. तीही सांगा, नुसत्या गायब होऊ नका. ‘मी आता पाठ टेकते रे, सकाळी बँक आहे. उद्या दीड ते दोन जेवायच्या सुट्टीत मोकळी आहे. तुला नाही जमलं तर रविवारी मीच करते.’ पुढच्या भेटीचं काम त्याच्या अंगावर न टाकता तुम्ही घेतलंत, एवढं पुरे. त्याने ‘सॉरी, तुला जागवलं’ लिहिलं तर ‘सॉरी काय त्यात’ म्हणून उडवून लावू नका. ‘मला बरं वाटलं तू मेसेज केलास ते’ असं स्पष्ट लिहा. त्याची सगळी भीती तिथेच असते.

मेसेज सकाळीच पाहिलात, तर तेव्हाही हाच सूर ठेवा. ‘आत्ता पाहिलं, झोपले होते. नऊपर्यंत घरीच आहे.’ एवढंच, आणि एकदाच. माफी मागत बसू नका, नाहीतर आता तुमची समजूत काढणं हेही त्याचंच काम होऊन बसतं. आणि ‘तुझा लास्ट सीन तीनचा होता’ हे तर चुकूनही नको. आपल्यावर पाळत आहे असं कळलं की मुलं पहिलं काम करतात ते सेटिंगमध्ये जाऊन लास्ट सीन बंद करायचं. मग तुमच्याकडे आत्ता आहे तेवढंही राहणार नाही.

हे असं कमी बोलणं म्हणजे काळजी कमी, असं तुमच्या मनात येईल. म्हणून एक जुना प्रयोग सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेली, पण घरी गेल्यावर पुढचे उपचार नको म्हणणारी ८४३ माणसं त्यांनी घेतली. १९६९ पासून पुढे काही वर्षं हे काम चाललं. या माणसांचे दोन गट केले. एका गटाला काहीच कळवलं नाही. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला, रुग्णालयात त्याच्याशी बोललेल्या माणसाच्या सहीने, दोन-तीन ओळींचं पत्र जायचं. मजकूर साधारण असा, की तुम्ही इथे होता त्याला बरेच दिवस झाले, तुमचं ठीक चाललं असावं अशी आशा आहे, दोन ओळी कळवाव्याशा वाटल्या तर आम्हाला आवडेल. बस. उपचाराला या नाही, गोळ्या घेता का नाही, फॉर्म भरा नाही. पहिले चार महिने दर महिन्याला, पुढचे आठ महिने दोन महिन्यांनी, मग तीन-तीन महिन्यांनी, अशी पाच वर्षं.

पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या, आणि फरक सगळ्यात ठळक होता तो पहिल्या दोन वर्षांत. पुढे पत्रं विरळ झाली तसा तोही ओसरत गेला. नंतर इतरांनी अशी पत्रं, पोस्टकार्डं, मेसेज पाठवून पाहिले तेव्हा कुठे उपयोग दिसला, कुठे फारसा नाही, म्हणून हा काही रामबाण नव्हे. मोटोंना मुळात ही कल्पना सुचली ती दुसऱ्या महायुद्धात त्यांना स्वतःला आलेल्या पत्रांवरून. थोडीशीच ओळख असलेली एक मुलगी त्यांना आघाडीवर लिहायची आणि उत्तराची अट घालायची नाही. ते त्यांना आधाराचं वाटायचं.

यातून तुमच्या कामाचं काय, तर मध्यरात्रीच्या ‘हाय’चं निम्मं उत्तर दिवसाच द्यायचं असतं. आठ-दहा दिवसांतून एकदा, भर दुपारी, कारण नसताना दोन ओळी. ‘दारातला शेवगा यंदा लगडलाय, तुझी आठवण झाली.’ सोबत फोटो. परीक्षा नाही, निकाल नाही, ‘अभ्यास कसा चाललाय’ नाही. उत्तर आलं नाही तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा, मागचं न उकरता. रोजचं सकाळचं फूल आणि सुविचार यात धरायचा नाही, ते सगळ्यांना जातं हे त्यालाही माहीत आहे. ही पत्रं निदान त्याच्या नावाची हवीत.

आता दुसरी बाजू, कारण अलगद राहणं काही ठिकाणी सोडून द्यावं लागतं आणि ते कुठे, हे आधीच ठरलेलं असलेलं बरं.

त्याच्या लिहिण्यात ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘आता फार दिवस नाही’ अशा ओळी आल्या. नोट्स, सायकल, घड्याळ वाटून टाकलं, उसने पैसे अचानक सगळ्यांना फेडले. बरेच दिवस अस्वस्थ असलेला मुलगा एकाएकी अगदी शांत झाला आणि ‘आता काही प्रश्न नाही’ म्हणू लागला. दारू सुरू झाली किंवा वाढली. निकालाची रात्र आहे. यातलं काही दिसलं की शेवगा आणि इन्व्हर्टर बाजूला ठेवा आणि सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतोय का मनात?’

हाच शब्द वापरा. ‘काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ असं विचारलं की त्यातच ‘नाही म्हण’ ही विनवणी असते, आणि तो नाही म्हणतो. विचारल्याने डोक्यात नसलेलं डोक्यात घातलं जाईल ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे, पण ती खरी नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की विचारल्याने माणूस त्या टोकाला ढकलला जात नाही. विचार येत नसतील तर तो ‘नाही गं, तेवढं नाही’ म्हणेल आणि तुम्हाला कळेल. येत असतील तर इतके दिवस एकट्याने धरलेली गोष्ट पहिल्यांदा कोणीतरी नावाने विचारली म्हणून बहुतेकांना हायसंच वाटतं.

‘हो’ आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, आईचं काय होईल हे सांगू नका. लिहा, ‘सांगितलंस ते फार बरं केलंस. मी आहे, कुठेही जात नाही.’ मग पुढचे दोन प्रश्न: कसं करायचं हे ठरवलंय का, आणि त्यासाठी लागणारं आत्ता जवळ आहे का. विचार नुसता येऊन जातोय की बेत ठरलाय, हे या दोन उत्तरांतून कळतं. ठरलंय आणि वस्तू जवळ आहे, असं असेल तर वेळ काढणं आणि ती वस्तू त्याच्यापासून लांब जाणं या दोनच गोष्टी त्या रात्री महत्त्वाच्या. हा आवेग फार वेळ त्याच टोकाला राहत नाही, पण तेवढ्या वेळात तो एकटा असता कामा नये. सांगलीहून तुम्ही काही तासाभरात पोचणार नाही. म्हणून खोलीतल्या एका तरी मुलाचा नंबर तुमच्याकडे आजच हवा. दिवसा, सहज मागून घ्या: ‘तुझा फोन लागला नाही तर कोणाला लावू?’ त्या रात्री भाच्याशी मेसेज चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून त्या मुलाला उठवायचं. ऐनवेळी ११२ लावता येतो. कॉल सांगलीहून लावत असाल तर पहिल्याच वाक्यात पुणे, इमारतीचं नाव, मजला, जवळची खूण सांगा. म्हणजे त्याचा पूर्ण पत्ताही तुमच्याकडे लिहिलेला हवा. ‘सदाशिव पेठ’ एवढ्यावर कोणालाही कोणी सापडत नाही.

जीव लगेच धोक्यात नसेल, पण रात्र कठीण आहे असं वाटलं, तर टेलि-मानस. नंबर १४४१६. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास असते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नंबर फेकून मोकळ्या होऊ नका, तो पाठवताना ‘मी दमले, आता यांच्याशी बोल’ असं वाचलं जाऊ शकतं. ‘यांच्याशी बोलून बघूया, तुझं होईपर्यंत मी जागी आहे, झालं की मला एक टिंब पाठव’ असं म्हणा. आणि या नंबरवर तुम्ही स्वतःही बोलू शकता. घरच्या माणसाशी कसं बोलू, हे विचारायलाही लोक तिथे फोन करतात.

‘पोलीस केस होईल’ या भीतीने घरचे गप्प बसतात म्हणून तेही सांगून टाकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा नाही, मदत मिळावी असं म्हटलंय. ११२ लावायला या कारणाने कचरू नका.

राहिली तुमची बहीण. भाच्याने ते पहिलं ‘हाय’ डिलीट केलं ते तुमच्या सहा मेसेजमुळे नव्हे, आईचा आकांत त्याच्यापर्यंत पोचला म्हणून, असा माझा तरी अंदाज आहे. तरीही परवा त्याने पुन्हा तुम्हालाच लिहिलं, याचा अर्थ दार अजून उघडं आहे. एखाद्या दुपारी त्याला लिहा: ‘मागच्या वेळी मी तुला न विचारता आईला फोन केला. यापुढे आधी तुला विचारेन. फक्त जिवाचा प्रश्न आहे असं वाटलं तर थांबणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.’ हे शेवटचं वाक्य गाळू नका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन एकदा दिलंत की नेमक्या त्या रात्री तुमचे हात बांधले जातात. बहिणीला मात्र रात्रीच्या प्रत्येक मेसेजची खबर द्यायचं काही कारण नाही. ती विचारेलच. ‘माझ्याशी बोलतो अधूनमधून, बरा वाटतो’ एवढं तिला पुरतं, आणि ते खोटंही नाही.

मात्र महिना-दीड महिना झोप अशीच उडालेली राहिली, अभ्यासिकेत जाणं सुटलं, मेसचा डबा परत जायला लागला, तर ते आता तुमच्या मेसेजांनी निभणारं नाही. तेव्हा दिवसाउजेडी, समोरासमोर, डॉक्टरांचं नाव काढा. शक्यतो पुण्याला एक चक्कर मारून, बाहेर कुठेतरी जेवायला नेऊन. ‘तुला डॉक्टरची गरज आहे’ असं न म्हणता ‘तुझी झोप गेलीय, त्याचं दाखवूया, मी येते बरोबर’ म्हटलं तर मुलं लवकर तयार होतात. झोपेची तक्रार सांगायला कोणालाच लाज वाटत नाही, आणि डॉक्टर बाकीचं तिथून काढतात.

आणि तुमची स्वतःची झोप. रोज रात्री दीडपर्यंत फोन उशाशी घेऊन वाट पाहत पडायचं नाही, सकाळी काउंटरवर नोटा मोजायच्या असतात. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर ठेवा, पण त्यात दोन मुभा देऊन ठेवा. एक, त्याच्या आणि त्याच्या रूममेटच्या नंबरचे कॉल येऊ द्यायचे. दुसरी, लागोपाठ दुसऱ्यांदा कॉल करणाऱ्याचा फोन वाजू द्यायचा. ही सोय अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत आणि आयफोनवर तीन मिनिटांच्या आत आलेल्या दुसऱ्या कॉलला लागू होते, सेटिंगमध्ये ती चालू आहे ना तेवढं बघून घ्या. मग त्याला सांगा, ‘मेसेज रात्री कधीही टाक, जागी असले तर लगेच बघेन, नाहीतर सकाळी. अगदीच राहवलं नाही तर कॉल कर, तुझा वाजतो.’ सांगण्याआधी बहिणीच्या फोनवरून एकदा लागोपाठ दोन कॉल करून ती दुसरी सोय खरंच चालते ना ते पाहा. तिच्याशी बोलायचंही आहेच.